बारावा संदर्भ

ही गोष्ट दोन हजार तेवीसची. त्या वर्षी जुलैत यमुनेचं पाणी रिंग रोडवर आलं, काश्मिरी गेटच्या बसअड्ड्यापर्यंत पोचलं आणि निम्मी दिल्ली चार दिवस घरात बसून टीव्ही बघत राहिली. बाकीच्यांना ते वर्ष पाण्यामुळे आठवतं. इंदुमती सरवटेंना ते एका पत्रामुळे आठवतं.

इंदुमती तेव्हा सदुसष्ट वर्षांच्या होत्या. दिल्लीतल्या एका मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. निवृत्तीनंतर फिजिशियन डॉक्टरांच्या एका संघटनेनं त्यांना आपल्या इंग्रजी त्रैमासिकाचे संदर्भ तपासायला बोलावलं. कचेरी गाझियाबादला, कौशांबीत, तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, एक कूलर, खिडकीतून मेट्रोचा पूल. आठवड्यातून तीन दिवस त्या वसुंधरेतल्या घरून रिक्षानं येत आणि प्रत्येक लेखाच्या शेवटची यादी हिरव्या शाईनं तपासत. लेखकाचं आडनाव आधी, मग नावाची आद्याक्षरं, लेखाचं नाव, मासिकाचं संक्षिप्त नाव, वर्ष, खंड, अंक, पानं. मजकुरात जो संदर्भ पहिल्यांदा येईल तो एक, त्यानंतरचा दोन. पुढे तोच संदर्भ पुन्हा आला तर नवा आकडा द्यायचा नाही, जुनाच वापरायचा. हे सगळं त्यांच्या बोटांत बसलेलं होतं. एकेकाळी त्या हेच काम पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराच्या कार्डांवर करत. एका लेखाला एक कार्ड. एकाच लेखाची दोन कार्डं निघाली की एक फाडून टाकायचं. ते फाडण्याचा आवाजसुद्धा त्यांना आवडायचा.

पत्र जुलैच्या पहिल्या सोमवारी आलं. त्रैमासिकाचा कारभार बघणाऱ्या केतननं ते छापून त्यांच्या टेबलावर आपटलं. केतन पस्तिशीचा, जन्मानं दिल्लीकर. आईबाप नागपूरचे, पण ह्याचं मराठी स्वयंपाकघरापुरतं.

"मावशी, बघा. पाठारे सर का लेटर. एकदम फायर आहेत."

डॉ. शशिकांत पाठारे हे नाव त्या क्षेत्रात कुणाला सांगावं लागत नसे. स्वादुपिंडाच्या आजारातले मोठे तज्ज्ञ. स्वादुपिंडाला अचानक तीव्र सूज आलेल्या रुग्णांना एक जुनंच इंजेक्शन पहिल्या दिवसापासून द्यावं का, यावर त्यांनी पाचशे रुग्णांची ट्रायल केली होती. तिचा लेख दोन हजार एकवीसमध्ये परदेशातल्या मासिकात आला. पुढच्या वर्षी देशातल्या पोटविकार तज्ज्ञांच्या संघटनेनं उपचारांची गाइडलाइन काढली, तिच्या समितीचे अध्यक्ष पाठारेच, आणि त्यात ते इंजेक्शन सुरुवातीपासून द्यावं अशी ठाम शिफारस होती.

पत्र दोन पानांचं होतं. त्रैमासिकाच्या गेल्या अंकात डॉ. अश्लेषा वाघमोडे यांनी लिहिलेल्या आढावा लेखात पाठाऱ्यांच्या तोंडी भलतंच घातलं आहे, असं त्यांचं म्हणणं. अश्लेषानं लिहिलं होतं की ही ट्रायल नोंदवताना तिचा मुख्य निकष, म्हणजे औषधाचं यश ज्यावर मोजायचं ते, 'अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू' हा होता. त्या वाक्यापुढे आकडा होता अकरा. अकरावा संदर्भ म्हणजे पाठाऱ्यांचा लेख. आणि त्या लेखात मुख्य निकष स्पष्ट लिहिला होता: आयसीयूत काढलेले दिवस. मृत्यू हा मुख्य निकष असल्याचा त्यात एक शब्द नव्हता. पत्राचा शेवट असा होता की हा खोटा संदर्भ आहे, लेख मागे घ्यावा, आणि तशी सूचना लेखिकेच्या कॉलेजच्या डीनना पाठवावी.

"ही वाघमोडे कोण?" इंदुमतींनी विचारलं.

"असिस्टंट प्रोफेसर. यंग आहे. प्रोबेशनवर. ऑगस्टमध्ये कन्फर्मेशन आहे तिचं, स्वतःच मेलमध्ये लिहिलं होतं, जल्दी छापा म्हणून."

"घाई. मग असंच होतं. वाचायचं नाही आणि आकडे टाकायचे." इंदुमतींनी चष्मा काढून ठेवला. "आमच्या वेळी शशिकांतनं एमडीच्या प्रबंधाला एकशे बारा संदर्भ दिले होते. एकेक लेख माझ्यासमोर बसून वाचला होता. कार्डं मी लिहिली होती."

"तुमच्या वेळी डायनासोर पण होते मावशी," केतन म्हणाला आणि पाठारे सरांना उत्तर टाइप करायला गेला.

अश्लेषा दुसऱ्याच दिवशी कचेरीत आली. बारीक, उंच, खांद्यावर लॅपटॉपची बॅग, चपला चिखलानं भरलेल्या. मंगळवेढ्याकडची मुलगी, हिंदूराव हॉस्पिटलच्या टेकाडाखाली मलकागंजमध्ये भाड्यानं राहत होती. ती बसली नाही.

"सरवटे मॅडम तुम्हीच ना?"

"हो. पाणी घे."

"पाणी नको. माझ्या यादीत सेहेचाळीस संदर्भ होते. छापलेत पंचेचाळीस. एक कुठं गेला?"

"तू पाठवलेस तेवढे छापले."

"मला अरेतुरे करू नका. मी तुमच्या घरात आले नाही."

इंदुमतींना हे लागलं. दिल्लीत त्रेचाळीस वर्षं काढल्यावर मराठी बोलणारी तरुण मुलगी समोर आली की त्यांच्या तोंडून आपोआप 'अगं' निघे. त्यांनी सरळ इंग्रजी मासिकासारखा चेहरा केला.

"डॉक्टर वाघमोडे, छापण्याआधी प्रूफ तुम्हाला पाठवलं होतं. तुम्ही 'ओके' लिहून परत पाठवलंत. आता आम्हाला विचारता?"

"अठ्ठेचाळीस तास दिले होते त्याला, आणि मी त्यातले छत्तीस तास ड्यूटीवर होते! मी मजकूर बघितला, तक्ते बघितले. एक ते पंचेचाळीस आकडे ओळीनं होते, मध्ये खड्डा नव्हता. यादीतला एक गायब होईल हे माझ्या डोक्यात कसं येणार?"

"मग चूक तुमचीच."

"चूक माझी असली तर नोकरी माझी जाते. चूक तुमची असली तर तुमचं काय जातं? पुढच्या महिन्यात कमिटी बसणार आहे माझी. डीनच्या टेबलावर 'खोटा संदर्भ' असं पत्र पोचलं तर मला कुठलं कॉलेज दारात उभं करेल? तुमच्यात पाठारे सरांचे किती जुने लोक आहेत ते मला ठाऊक आहे."

"तोंड सांभाळून बोला."

"तुम्ही फाइल सांभाळा," असं म्हणून ती निघून गेली. जिना उतरताना फोनवर कुणाशी तरी बोलत होती आणि त्यात 'म्हातारी' हा शब्द दोनदा आला.

इंदुमतींनी रागारागानं कपाट उघडलं. आलेला प्रत्येक लेख त्या छापून घेत, त्यावरच तपासणी करत आणि ती प्रत ठेवून देत. केतन त्यांच्या या कागदांना रद्दी म्हणे. अश्लेषाच्या लेखाची प्रत वरच होती. या मुलीचं तोंड बंद करायचं, एवढ्याच इराद्यानं त्यांनी शेवटची पानं उलटली.

यादीत सेहेचाळीस संदर्भ होते.

अकरावा होता पाठाऱ्यांचा लेख. बारावाही पाठाऱ्यांचाच. तेच आडनाव, लेखाचं तेच लांबलचक नाव, पुढे कंसात 'इंटरनेट'. त्या बाराव्या ओळीवर हिरव्या शाईची एक सरळ रेघ होती आणि समासात त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: '११ची ऑनलाइन प्रत. दुबार. काढावा.'

त्या खुर्चीत बसल्या. कूलर घरघरत होता.

त्यांना आठवलं. हल्ली कितीतरी लेखक एकच लेख दोनदा देत. लेख छापण्याआधी मासिकाच्या साइटवर येतो, तो एक, आणि मग अंकात छापलेला दुसरा. त्या वर्षभरात त्यांनी असे वीस-पंचवीस दुबार संदर्भ काढले होते. नाव तेच, लेखक तेच, कंसात इंटरनेट. हात आपोआप चालला होता.

पण ही ओळ तिथे संपत नव्हती. पान संपलं होतं आणि ओळ पुढच्या पानावर गेली होती. तिथे होतं रजिस्ट्रीचं नाव, ट्रायलचा नोंदणी क्रमांक, तीन इंग्रजी अक्षरं आणि आठ आकडे, मग 'दोन हजार सतरा, सहा मार्चची आवृत्ती', मग 'पाहिल्याची तारीख: दोन हजार तेवीस, अकरा जानेवारी', आणि दुवा.

तो लेख नव्हताच. ती ट्रायलची नोंद होती. कुठलीही ट्रायल सुरू करताना आपण काय तपासणार, कसं मोजणार, हे आधी जाहीर नोंदवावं लागतं. पुढे छापलेला लेख ही वेगळी वस्तू. दोघांचं नाव एकच असतं, कारण काम एकच असतं. आणि त्यांनी पान न उलटता रेघ मारली होती. मग केतनच्या सॉफ्टवेअरनं पुढचे सगळे आकडे एकेकानं मागे ओढले. रजिस्ट्रीच्या वाक्यापुढचा बारा अकरा झाला, गाइडलाइनचा तेरा बारा झाला, आणि खड्डा कुठेच दिसला नाही.

"केतन, जरा इकडे ये. ही साइट उघड."

त्यानं उघडली. पाठाऱ्यांची ट्रायल अमेरिकन रजिस्ट्रीत होती, भारतीय नोंदणीतही होती. स्क्रीनवर मुख्य निकष दिसत होता: आयसीयूतले दिवस.

"लो. सरच बरोबर आहेत," केतन म्हणाला.

"ही आजची नोंद. जुनी कुठे असते?"

"हिस्ट्री म्हणून आहे काहीतरी." त्यानं टिचकी मारली. तारखांची यादी उघडली. सहा मार्च दोन हजार सतराच्या आवृत्तीत मुख्य निकष होता अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू. शेवटचा रुग्ण डिसेंबर एकोणीसमध्ये घेतला होता. आणि त्यानंतर आठ महिन्यांनी, एकवीस ऑगस्ट दोन हजार वीसच्या आवृत्तीत मृत्यू खाली उतरले होते, दुय्यम निकषांत, आणि आयसीयूतले दिवस वर चढले होते.

इंदुमतींनी पाठाऱ्यांचा लेख काढून शेवटचा तक्ता बघितला. मृत्यू दोन्ही गटांत जवळजवळ सारखे. इंजेक्शननं जीव वाचले नव्हते. फक्त आयसीयूतले दिवस थोडे कमी झाले होते.

मुलीनं लिहिलेला शब्द न् शब्द खरा होता.

केतन हळू आवाजात म्हणाला, "मावशी, छोडो ना. तुम्हाला कोणी विचारलंय का? पाठारे सर ॲडव्हायझरी बोर्डवर आहेत. लेखिकेनं प्रूफ पास केलंय. कागज पे तो उसकी गलती है."

"आणि ही प्रत?"

"कौन सी प्रत?" तो म्हणाला आणि आपल्या खोलीत गेला.

या प्रकरणावर पुढच्या आठवड्यात शुक्रवारी ठरलेली बैठक पाण्यामुळे आणखी आठवडाभर पुढे गेली. त्या आठवड्यात इंदुमती घरातून हलल्या नाहीत. ती प्रत त्यांनी घरी आणली होती. सांगावं तर चौतीस आणि वर सात वर्षांचं नाव धुळीला. सरवटे मॅडमनं एकदा बघितलं की पुन्हा बघायला नको, असं डॉक्टर लोक म्हणत, आणि त्यांना ते ऐकायला आवडे. न सांगावं तर त्या उद्धट मुलीची नोकरी. ती उद्धट होती हे मनाला थोडं सोयीचं वाटे, आणि वाटतं हे कळल्यावर त्यांना स्वतःची शिसारी येई.

बुधवारी पाठाऱ्यांचा फोन आला.

"इंदूताई, पाणी नाही ना आलं तुमच्याकडे? वसुंधरा उंचावर आहे म्हणा."

"नाही आलं."

"तुमच्या दिनकररावांची आठवण झाली. कृषी भवनातून निघाले की ग्रंथालयात तुम्हाला न्यायला यायचे, मी कार्डं लावत बसलेलो असायचो. तुम्ही डब्यातली साटोरी द्यायचात." ते हसले. "ते असो. परवाच्या बैठकीत तुम्हाला काही बोलावं लागणार नाही. तुमच्यावर काही येणार नाही, मी संपादकांना, राजीवला, सांगितलंय. तपासणाऱ्याचं काम शब्द बघायचं नसतं, मांडणी बघायचं असतं."

"शशिकांत, तो निकष तू केव्हा बदललास?"

पलीकडून आवाज आला तो साटोरी खाणाऱ्याचा नव्हता.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला? त्या मुलीनं?"

"मी बघितलं."

"कारणं असतात, इंदूताई. समितीची परवानगी होती. तुम्ही ग्रंथपाल आहात. तुम्ही ग्रंथपालच राहा." आणि फोन ठेवला.

बैठक कौशांबीच्या कचेरीतच झाली. संपादक डॉ. राजीव सूद टेबलाच्या एका टोकाला. ठेंगणे, घामेजलेले, मराठी समजणारे पण हिंदीत बोलणारे, कुणाशीच वैर नको असलेले गृहस्थ. पाठारे त्यांच्या उजव्या हाताला. केतन लॅपटॉपवर. अश्लेषा समोर, एकटी.

सूदनी हिंदीत सुरुवात केली. "देखिए, बात छोटी है, निपटा लेते हैं। डॉक्टर वाघमोडे, आप लिख दीजिए कि गलती हो गई, हम पेपर वापस ले लेते हैं। बस।"

"गलती नहीं हुई, सर। मैंने रजिस्ट्री का रेफरन्स दिया था।"

"कुठंय तो?" पाठारे मराठीत म्हणाले. "छापील लेखात तर नाही. आणि रजिस्ट्री हा काय संदर्भ झाला? वेबसाइट आहे ती. लेख छापून आल्यावर लेखच द्यायचा असतो. तुम्हाला कुणी शिकवलं नाही?"

"लेखात जे नाही त्यासाठी लेख कसा देऊ सर? ज्या कागदात जे लिहिलंय, त्यालाच त्याचा आकडा."

"वा! आता तुम्ही मला शिकवणार. आणि गाइडलाइनचा संदर्भ बघा राजीव, तिथे माझं नावच नाही! नुसतं संघटनेचं नाव घातलंय. अध्यक्ष मी होतो. हा द्वेष नाही तर काय आहे?"

"ते माझं काम आहे," इंदुमती म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून बघितलं.

"गाइडलाइन संघटनेच्या नावानं निघाली, तर लेखकाच्या जागी संघटनाच येते. समिती आतल्या पानावर असते, अध्यक्षही तिथेच. मुखपृष्ठावर शशिकांत पाठारे असतं तर घातलं असतं. आणि ती बदलत राहते, म्हणून कुठल्या वर्षाची आवृत्ती आणि केव्हा पाहिली तेही द्यावं लागतं. ते मी बरोबर केलं. बारावा मात्र चुकवला."

"मावशी," केतन म्हणाला.

इंदुमतींनी पिशवीतून प्रत काढली आणि टेबलावर ठेवली. ती ठेवताना थोडी सरकली आणि सूदांच्या चहाच्या कपाला लागली.

"यांच्या यादीत सेहेचाळीस होते. बारावा ट्रायलच्या नोंदीचा होता. मी त्याला लेखाची दुबार प्रत समजले आणि काढून टाकला. पुढचं पान उलटलं नाही. समासात माझं अक्षर आहे. लेखिकेनं काही खोटं लिहिलेलं नाही."

सूदनी प्रत ओढून घेतली. हिरवी रेघ बघितली, पान उलटलं, पुन्हा उलटून बघितलं.

"और ये रजिस्ट्री क्या कहती है?" त्यांनी शेवटी केतनला विचारलं.

"आयसीयू के दिन, सर," केतन पटकन म्हणाला.

"आजची," इंदुमती म्हणाल्या. "संदर्भात सहा मार्च सतराची आवृत्ती लिहिली आहे. ती उघड. तुला माहीत आहे कुठे आहे."

केतननं पाठाऱ्यांकडे बघितलं. मग लॅपटॉपकडे. मग त्यानं ती उघडली आणि स्क्रीन सूदांकडे वळवली. सूदनी चष्मा वर सरकवून ती वाचली, मग ऑगस्ट वीसची. त्यांच्या कपाळावरून घाम गळाला तो टेबलावर पडला.

"शशि, ये क्या है यार?"

"सांख्यिकी सल्लागारानं सुचवलं होतं," पाठारे म्हणाले. "मृत्यू मोजायला रुग्ण कमी पडत होते. हे सर्वत्र होतं."

"मग लेखात तसं लिहायचं होतं सर," अश्लेषा म्हणाली. "एक ओळ. 'निकष नंतर बदलला.' तुमच्या गाइडलाइनवरून मी रोज वॉर्डात ते इंजेक्शन देते. नातेवाईक विचारतात, यानं वाचेल ना? मी काय सांगू, दोन दिवस लवकर सुटेल?"

"तुमची लायकी काय आहे माझ्याशी..." पाठारे उठले. खुर्ची मागे भिंतीवर आदळली. ते अश्लेषाकडे बघत नव्हते, इंदुमतींकडे बघत होते. "आणि तुम्ही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेखांच्या शेवटच्या पानावर जगलात. तेवढं एक पान तुम्हाला दिलं होतं, तेही धड वाचता आलं नाही. आता इथे बसून न्याय करता?"

इंदुमतींना वाटलं होतं की आपण काहीतरी ठणठणीत बोलू. पण तो म्हणाला ते खरं होतं.

"वाचलं नाही," त्या म्हणाल्या. "म्हणूनच आले."

पाठारे निघून गेले. सूदनी बराच वेळ रुमालानं मान पुसली. मग त्यांनी ठरवलं ते असं: लेख मागे घ्यायचा नाही. पुढच्या अंकात दुरुस्ती छापायची. बारावा संदर्भ परत घालायचा, पुढचे आकडे यादीत आणि मजकुरात दोन्हीकडे एकेकानं पुढे न्यायचे, ऑनलाइन प्रत बदलायची आणि बदलली हे तिथेच सांगायचं. चूक संपादकीय कचेरीची, लेखिकेची नाही, असं स्पष्ट लिहायचं आणि त्याची प्रत डीनना आजच पाठवायची. पाठाऱ्यांना निकषाबद्दल काही म्हणायचं असेल तर त्यांनी संपादकांना पत्र लिहावं, लेखिकेच्या उत्तरासकट छापू.

"एक गोष्ट डॉक्टर वाघमोडेंचीही आहे," इंदुमती म्हणाल्या. आता बोलायलाच बसल्या होत्या तर राहवेना. "रजिस्ट्रीच्या संदर्भात आधी रजिस्ट्रीचं नाव यायला हवं. मग गाव, प्रकाशक, नोंदणी क्रमांक, ट्रायलचं नाव, आवृत्तीची तारीख, पाहिल्याची तारीख. तुम्ही आधी पाठाऱ्यांचं नाव घातलंत, म्हणून तो लेखासारखा दिसला."

अश्लेषानं बॅग खांद्यावर घेतली.

"सतरा दिवस," ती म्हणाली. "सतरा दिवस तुमच्या कपाटात तो कागद होता. मी सतरा दिवस झोपले नाही. माझा भाऊ गावाहून विचारत होता, ताई, तू खरंच काही खोटं लिहिलंस का. आणि तुम्ही आता मला स्वल्पविराम शिकवताय."

"कागद कपाटात नव्हता. घरी होता."

"मग आणखीच छान," अश्लेषा म्हणाली आणि गेली.

सूदनी जाताना इंदुमतींना सांगितलं की पुढच्या अंकापासून हे काम एका एजन्सीला देण्याचा विचार बरेच दिवस चालू होता. त्यांनी मान हलवली. आपली हिरवी शाईची बाटली उचलायचीही त्यांना आठवण राहिली नाही. केतननं दाराशी त्यांची पिशवी हातात दिली तेव्हा तो म्हणाला, "मावशी, तुम्हाला काय मिळालं यार?" त्याच्या आवाजात चीडही होती आणि खरोखरीचा प्रश्नही. त्या रिक्षात बसल्या.

पुढे काय झालं ते असं.

दुरुस्ती पुढच्या अंकात छापून आली, शेवटून दुसऱ्या पानावर, सात ओळी. डॉ. पाठाऱ्यांनी संपादकांना पत्र कधीच लिहिलं नाही. दीड वर्षानं ते मोठ्या समारंभात निवृत्त झाले, गळ्यात हार, हातात स्मृतिचिन्ह. गाइडलाइनची नवी आवृत्ती पंचवीसमध्ये निघाली. त्यात त्या इंजेक्शनची ठाम शिफारस 'विचार करता येईल' अशी झाली, आणि तिच्या संदर्भांत ट्रायलचा लेख आणि ट्रायलची नोंद असे दोन वेगळे आकडे होते. पाठाऱ्यांचं नाव समितीत होतं, अध्यक्ष म्हणून नव्हतं.

डॉ. सूद संपादकपद सोडून चंदीगडला मुलाकडे गेले. केतन त्या एजन्सीतच नोकरीला लागला. नोएडात बसतो, त्याच्या हाताखाली सहाजण आहेत. सॉफ्टवेअरनं दोन संदर्भ दुबार म्हणून दाखवले तर दोन्ही उघडून बघितल्याशिवाय काढायचे नाहीत, असा नियम त्यानं केला आहे. तो का केला ते कुणाला सांगत नाही.

अश्लेषाची कमिटी ऑगस्टमध्ये बसली नाही. डीनच्या कचेरीत 'प्रकरण चालू आहे' असा शेरा पडला होता, तो काढायला आठ महिने गेले. मग ती कायम झाली. तिनं पाठाऱ्यांच्या क्षेत्रातल्या ट्रायलींचा, नोंदीत काय होतं आणि छापताना काय झालं याचा मोठा अभ्यास हाती घेतला, आणि त्यामुळे तिचे शत्रू वाढले.

इंदुमतींना पुन्हा कुणी संदर्भ तपासायला बोलावलं नाही. चोवीसच्या हिवाळ्यात पित्ताच्या खड्यांनी त्यांचं पोट फार दुखलं, तेव्हा मुलीनं, उत्तरानं, त्यांना ज्या ओपीडीत नेलं तिथे अश्लेषा बसली होती. तिनं नाव वाचलं, वर बघितलं आणि पोट नीट तपासलं. सोनोग्राफी लिहून दिली, तेलकट बंद करायला सांगितलं. सगळं बरोबर केलं. उत्तरानं बाहेर येऊन विचारलं, "आई, ओळखीच्या होत्या का ह्या?"

"नाही," इंदुमती म्हणाल्या, आणि चिठ्ठीवरची तारीख बरोबर आहे ना ते बघत औषधाच्या रांगेत उभ्या राहिल्या.